"बरोबर आहे ना?" या प्रश्नाला किती वेळा उत्तर द्यायचं? दहावी-बारावीच्या घरांना खुलं पत्र

कोल्हापुरातल्या दहावी-बारावीच्या आईबाबांनो, आणि त्याच घरातल्या आज्जी-आजोबांनो, आत्या-मावश्यांनो,

सस्नेह नमस्कार.

सराव परीक्षा आटोपत आल्यात, प्रॅक्टिकल तोंडावर आहेत आणि फेब्रुवारीत बोर्डाचे पेपर सुरू होतील. मी मुलांबरोबर काम करणारी मानसशास्त्रज्ञ आहे. ओसीडी, म्हणजे आपल्याकडे जुनी माणसं ज्याला मंत्रचळ म्हणतात, तो असलेलं मूल घेऊन या दिवसांत जे पालक येतात, त्यांच्यातले बरेच जण बसता बसता एक वाक्य बोलतात: "मॅडम, परीक्षा होईस्तोवर कसंबसं निभावून नेऊया, मग काय ते उपचार सावकाश बघू." या निभावून नेण्याबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे. कारण निभावणं म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की जे उत्तर येतं, त्यातच आजाराचं खतपाणी असतं. आई दिवसभर तेच उत्तर पुन्हा पुन्हा देते, बाबा मुलाऐवजी कुलूप बघून येतात, आज्जी धुतलेलं ताट परत धुऊन देते, आणि सगळ्यांना वाटतं की पोराचा ताण आपण हलका केला.

आधी ओळखायचं कसं, ते सांगते. परीक्षा जवळ आली की कुठलंही मूल हॉल तिकीट दोनदा बघतं, पेन चालतोय का ते तपासतं, "आई, मला येईल ना गं?" असं विचारतं. त्यात वावगं काही नाही. ओसीडीत नको असलेला एक विचार किंवा शंका डोक्यात घुसते, जीव कासावीस होतो, आणि तो शांत करण्यासाठी काहीतरी करावंच लागतं: परत वाचणं, परत मोजणं, परत धुणं, परत विचारणं. केल्यावर थोडा वेळ बरं वाटतं आणि शंका पुन्हा उभी राहते. यात दिवसातला तासाहून जास्त वेळ जातो का, किंवा अभ्यास, झोप, जेवण यांवर परिणाम होतो का, हे निदान करताना बघतात. बहुतेक मुलांना आपण करतोय ते निरर्थक आहे हे कळत असतं. तरी थांबता येत नाही, म्हणून तर ती इतकी थकतात.

घरच्या घरी लक्षात येईल अशी एक खूण आहे. खऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं की तो संपतो. "उद्याचा पेपर अकराला आहे ना?" "हो." झालं. ओसीडीचा प्रश्न उत्तराने संपत नाही. पाच मिनिटांत तोच प्रश्न परत येतो, आणि उत्तरही ठरावीक लागतं, त्याच शब्दांत, त्याच सुरात. "तू माझ्याकडे बघून म्हणाली नाहीस, परत म्हण." "नुसतं हो नको, 'हो, वाचलंयस' असं म्हण." तुमच्या घरात अशी वाक्यं ऐकू येत असतील, तर ती माहिती मिळवण्यासाठी विचारलेली नाहीत. तुमचं उत्तर हा त्या आजाराच्या विधीचा भाग झालेला आहे.

काही विधी तर दिसतही नाहीत. पुस्तक उघडून तासभर एकाच पानावर बसलेलं मूल मनातल्या मनात ओळ घोकत असतं, आकडे मोजत असतं, किंवा एक वाईट विचार पुसून टाकायला एक चांगला विचार ठरावीक वेळा म्हणत असतं. बाहेरून आपल्याला दिसतो तो आळस, नाहीतर मोबाईलमुळे उडालेलं लक्ष. आपल्या गावात आणखी एक प्रकार मला वारंवार दिसतो. अंबाबाईसमोर हात जोडून उभं असताना मनात देवीबद्दल अभद्र शब्द येतात. मूल हादरतं. ते कुणाला सांगत नाही, मग पुस्तक उघडण्याआधी एकवीस नमस्कार, मध्येच चुकलं की पहिल्यापासून. हे कळल्यावर घरचे म्हणतात, ओटी भर, माफी माग, रविवारी जोतिबाला जाऊन ये. देवदर्शनाला कुणाचीच ना नाही. पण त्या विचारावर उतारा म्हणून केलेलं दर्शन हा आणखी एक विधी होतो, आणि विचार दुप्पट जोराने येतो. ज्या गोष्टीवर आपली सगळ्यात जास्त श्रद्धा किंवा माया असते, तिच्याविरुद्धच हा आजार विचार आणतो. देवभोळ्या मुलाला देवाबद्दल, आईवर जीव असलेल्या मुलीला आईला इजा करण्याबद्दल. त्या विचारात मुलाची इच्छा नसते. त्याबद्दल रागावू नका, उलटतपासणीही घेऊ नका.

आता एका घराची गोष्ट तपशिलात सांगते, कारण करायचं काय हे त्यातूनच नीट कळेल. ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत आणि घरच्यांची परवानगी आहे.

मुलगा बारावी सायन्सचा. दहावीला उत्तम मार्क. सहामाहीत फिजिक्सचा पेपर जवळजवळ अर्धा कोरा सोडून आला, आणि घरी आल्यावर म्हणाला, "येत होतं सगळं, वेळच पुरला नाही." डिसेंबरच्या सुरुवातीला आईवडील त्याला घेऊन आले, तेव्हा त्यांना वाटत होतं की त्याचा स्पीड कमी आहे. त्याच्याशी बोलल्यावर वेगळंच निघालं. बायोलॉजीचं एक पान वाचायला त्याला चाळीस मिनिटं लागत. ओळ वाचून पुढे गेला की मनात यायचं, नीट वाचली का? एखादा शब्द सुटला असेल, आणि पेपरात नेमकं तेच येईल. म्हणून परत मागे. त्यापुढे आणखी एक विचार होता, जो त्याने बराच वेळ सांगितला नाही: ओळ सुटली तर बाबांना काहीतरी होईल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही हे त्यालाही पटत होतं, पण भीती ऐकत नव्हती. पेपरात तर तो आसन क्रमांक पुन्हा पुन्हा बोट ठेवून तपासायचा, आणि लिहिलेलं अक्षर स्पष्ट नाही असं वाटलं की खोडून परत लिहायचा.

घरचे काय करत होते? मी त्यांना एक आठवडा काहीही बदलू नका, फक्त वहीत लिहा, असं सांगितलं. कोणी, केव्हा, काय केलं, एवढंच. वही बघून आईच चकित झाली. तिला वाटत होतं, दिवसातून पाच-सहा वेळा "वाचलंयस की रे बाळा" म्हणते. वहीत एका रविवारी चौतीस नोंदी होत्या. संध्याकाळी ती त्याच्या शेजारी बसून तो वाचत असलेल्या ओळींवर बोट फिरवत होती, म्हणजे त्याला खात्री वाटावी. बाबा रात्री त्याचं दप्तर स्वतः तपासून "सगळं आहे" असं तीनदा सांगत होते. आज्जी त्याच्या खोलीत कुणाला जाऊ देत नव्हती, कारण मध्ये कुणी बोललं की तो धडा पहिल्यापासून सुरू करायचा. चार माणसांचं घर आजाराच्या वेळापत्रकावर चाललं होतं आणि प्रत्येकाचा हेतू मायेचाच होता.

हे उत्तर देणं अपायकारक का ठरतं? गजकर्ण खाजवलं की क्षणभर बरं वाटतं आणि ते पसरतं, तसंच आहे हे. आईने "वाचलंयस" म्हटलं की त्याची भीती लगेच उतरते. पण मेंदू त्यातून दोन गोष्टी शिकतो. एक, शंका खरोखर धोक्याची होती, म्हणून तर तपासावं लागलं. दोन, ही बेचैनी मला एकट्याला सोसत नाही, कुणीतरी ती काढून टाकावी लागते. शंका तशीच राहू दिली असती आणि काहीच वाईट घडलं नाही असा अनुभव आला असता, तर मेंदू उलटं शिकला असता. प्रत्येक वेळी दिलेलं उत्तर ती संधी हिरावून घेतं. म्हणून ओसीडीवरच्या मुख्य मानसोपचारात मुलाला भीती वाटते ती परिस्थिती मुद्दाम, पायरीपायरीने समोर आणतात आणि त्यानंतरचा विधी करू देत नाहीत. याला ईआरपी म्हणतात. अमेरिकेत 7 ते 17 वयाच्या 112 मुलांवर झालेला एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात 12 आठवड्यांनंतर, हा उपचार असलेली वर्तनोपचार पद्धत आणि औषध दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांची लक्षणं जवळजवळ गेली होती. नुसती साखरेची गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण शंभरात चारही नव्हतं.

उत्तरं द्यायची नाहीत हे पटलं, की पालक दुसऱ्या टोकाला जातात. घरी जाऊन त्याच रात्री, "आजपासून काही विचारायचं नाही, मॅडमनी सांगितलंय." हे अजिबात करू नका. मुलाला न सांगता, त्याची संमती न घेता अचानक आधार काढला तर तो त्याला शिक्षा वाटते, आणि मूल विधी लपून करायला लागतं.

या घरात आम्ही असं केलं. पेपर नसलेल्या दिवशी, भांडण झालेलं नसताना, जेवण झाल्यावर आईबाबा आणि तो असे तिघे बसले. बाबा म्हणाले, "तुझ्यावर आमचा भरवसा आहे. हा जो आजार आहे, त्याला आम्ही दोघं न कळत मदत करत होतो. आता तुला मदत करायची आहे. काय आणि कधी कमी करायचं ते तू ठरव, आम्ही पाळू." मग तिघांनी सगळ्या विधींची यादी केली आणि प्रत्येकापुढे, हे केलं नाही तर किती त्रास होईल, याला शून्य ते दहा मार्क त्याने स्वतः दिले. दप्तर बाबांनी न तपासणं: तीन. आईने ओळींवर बोट न फिरवणं: पाच. "वाचलंयस" हे उत्तर न मिळणं: सात. मागची ओळ परत न वाचणं: आठ. आणि मुद्दाम एक ओळ गाळून पुढे जाणं: दहा.

सुरुवात तीनपासून. रात्री दप्तर त्याने एकट्याने भरायचं, दरवाजामागे लावलेल्या यादीवर एकदा खूण करायची, चेन बंद, आणि सकाळपर्यंत उघडायची नाही. बाबांनी नुसतं तिथे असायचं. पहिले तीन दिवस तो अंथरुणातून उठून दप्तराकडे गेला. आठवड्याच्या शेवटी ही गोष्ट त्याच्या यादीत एकवर आली होती. मग बोट फिरवणं बंद झालं. ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही सातच्या गोष्टीला हात घातला.

आई उत्तर देणं एकदम बंद करणार नव्हती. पहिल्या आठवड्यात रोज दहा चिठ्ठ्या. एक चिठ्ठी दिली की एक उत्तर, संपल्या की संपल्या. दुसऱ्या आठवड्यात पाच, मग दोन. चिठ्ठी कुठे वापरायची हे तो ठरवणार. गंमत अशी की दुसऱ्या आठवड्यात रात्री झोपताना त्याच्याकडे चिठ्ठ्या शिल्लक राहायला लागल्या, कारण "पुढे लागली तर" म्हणून तो ती राखून ठेवायचा, आणि तेवढ्यात शंकेचा जोर ओसरून जायचा. चिठ्ठ्या संपल्यावर काय बोलायचं ते वाक्यही आधी ठरवलं होतं आणि त्याच्या तोंडून मंजूर करून घेतलं होतं: "हा प्रश्न ओसीडीचा वाटतोय. याचं उत्तर मी देणार नाही. पण मी इथे बसलेय." एवढंच. त्यापुढे समजावणं नाही, वाद नाही, "अरे तू हुशार आहेस, तुला काय होतंय" हेही नाही. कारण समजावणं हेसुद्धा उत्तर देण्याचंच लांबलचक रूप आहे. आवाज मात्र मऊ हवा. हे वाक्य दात-ओठ खाऊन म्हटलं तर त्याचा काही उपयोग नाही.

पुढे काय होतं याची तयारी ठेवा. उत्तर कमी केलं की सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढतो. मूल जास्त वेळा विचारतं, रडतं, चिडतं, "तुम्हाला मी नकोच आहे" असं बोलतं. घरचे इथेच गडबडतात. आई दोन तास ठाम राहते आणि तिसऱ्या तासाला म्हणते, "वाचलंयस बाबा, आता झोप." या एका उत्तराने मूल हे शिकतं की तीन तास रेटलं की मिळतं. म्हणून जेवढं पाळता येईल तेवढंच ठरवा, पण ठरवलेलं पाळा. आणि घरातलं सगळ्यात मऊ माणूस आधी बरोबर घ्या. या मुलाने पाचव्या दिवशी आज्जीला गाठलं. आज्जीला सगळं समजावून सांगितलेलं होतं, ती म्हणाली, "माझ्याकडं येऊन बस, पण ते मी नाही सांगणार." मग त्याने इचलकरंजीच्या आत्याला फोन लावला, आणि तिने बिचारीने मनापासून, "वाचलंयस रे, काळजी नको करूस" असं दहा वेळा सांगितलं. त्या दिवसापासून आत्याही योजनेत आली. फोनवर विचारपूस करणाऱ्या नातेवाइकांनाही हे सांगून ठेवायला हवं, एवढ्यासाठी हा प्रसंग लिहिला.

वाचनासाठी आम्ही एक जाड कोरा कागद घेतला. वाचून झालेली ओळ कागदाखाली जाणार, कागद फक्त खाली सरकणार, वर नाही. पान झालं की पुस्तक मिटून त्यावरचे तीन प्रश्न सोडवायचे. शंका तशीच असायची, आणि प्रश्न मात्र सुटायचे. सुरुवातीला बेचैनी आठवर असायची, वीस मिनिटांनी पाच-सहावर यायची, काही दिवशी उतरायचीही नाही. न उतरली तरी बिघडत नाही, हे मी त्याला आणि आईला पुन्हा पुन्हा सांगितलं. बेचैनी अंगावर असताना पुढचं पान वाचता येतं, हा अनुभव मिळाला की काम झालं. जानेवारीच्या शेवटी त्याने स्वतःहून दहाची गोष्ट केली. बायोलॉजीच्या एका धड्यात एक ओळ झाकून ठेवली आणि तो धडा तसाच सोडला. त्या रात्री तो घामाघूम झाला होता आणि बाबांच्या खोलीच्या दाराशी दोनदा येऊन गेला. बाबा जागेच होते. त्यांनी "मला काही होत नाही" असं म्हटलं नाही. "ये, बस इथं," एवढंच म्हणाले.

पेपराचा सरावही असाच केला. घरी तीन तासांचा फिजिक्सचा पेपर लावून आसन क्रमांक लिहायचा, एकदा बोट ठेवून वाचायचा आणि पेन टेबलावर ठेवायचं. मग पान उलटायचं, परत त्या पानावर जायचं नाही. उत्तरात एखादा शब्द मुद्दाम गिचमिड लिहून तसाच ठेवायचा. सत्तर मार्कांच्या पेपरात कुठल्या विभागाला किती वेळ हे आधी ठरवून, घड्याळात ती वेळ झाली की अर्धं वाक्य असलं तरी पुढच्या विभागावर जायचं. बोर्ड शेवटी दहा मिनिटं जास्त देतं. ती तपासण्यासाठी राखायची नाहीत, राहिलेला प्रश्न लिहिण्यासाठी राखायची. काही पालक जास्त वेळेच्या सवलतीबद्दल विचारतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो आणि प्रमाणपत्र असल्यास कॉलेजमार्फत विचारणा करता येते, पण ते काम पेपरच्या आठवड्यात होत नाही. शिवाय तपासण्याचा विधी असलेल्या मुलाला नुसता जास्त वेळ दिला, तर तो वेळही तपासण्यातच जातो. म्हणून सवलत मागायची की नाही, हे उपचार करणाऱ्याशी बोलून ठरवा.

त्याने बोर्डाचा फिजिक्सचा पेपर दिला तेव्हा तीन मार्कांचा एक प्रश्न राहिला. केमिस्ट्रीच्या दिवशी जास्त त्रास झाला, दोन उत्तरं खोडून परत लिहिली. उपचार पुढे पावसाळ्यापर्यंत चालले. अजूनही जागरण झालं, आजारपण आलं की शंका डोकं वर काढते, आणि त्याला आता ती ओळखता येते.

तुमच्याकडे दहा आठवडे नसतील. पेपर पंधरा दिवसांवर असेल, कदाचित चार दिवसांवर. मग एवढंच करा: विधी आहेत तिथेच थांबवा, वाढू देऊ नका. आई आज वीस उत्तरं देत असेल, तर वीसची तीस होऊ देऊ नका. नवा विधी सुरू झाला, तर त्यात सामील होऊ नका. ज्या दिवशी पेपर आहे त्या दिवशी कुठलाही नवा प्रयोग नको. झोप मोडू देऊ नका, कारण अपुऱ्या झोपेत शंका जास्त सतावते. रात्री दोनपर्यंत जागून वाचून घेणं या मुलांना फार महागात पडतं. पेपर सुटल्यावर घरी प्रश्नपत्रिका घेऊन उत्तरं जुळवत बसणं, मित्रांच्या ग्रुपवर उत्तरं ताडून बघणं, हा तर परीक्षाकाळातला सगळ्यात मोठा विधी असतो. पेपर आणला की तो कपाटात जाईल आणि शेवटचा पेपर झाल्याशिवाय बाहेर येणार नाही, हे आधी ठरवून टाका. आणि तुम्हीही विचारू नका, "कसा गेला?" "जेवायला बसतोस?" हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

औषधांबद्दल घरांमध्ये फार भीती आहे, म्हणून थोडं लिहिते. मी औषधं देत नाही, ते मनोविकारतज्ज्ञांचं काम. मुलांच्या ओसीडीसाठी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन या गटातली औषधं वापरतात. त्यांची सवय किंवा नशा लागत नाही. पण ती हळू काम करतात. ओसीडीत पुरता फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात. म्हणून "पेपर झाल्यावर सुरू करू" यात दोन महिने जातात, आणि पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून बंद करणं चुकीचं ठरतं. पेपरच्या काळात झोप येते म्हणून कुणी स्वतःच्या मनाने गोळी सोडली, तर चक्कर, चिडचिड, अस्वस्थता होऊ शकते. वेळ बदलून चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. सुरुवातीच्या आठवड्यांत मूल नेहमीपेक्षा फार अस्वस्थ झालं, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि शेजाऱ्याने दिलेली किंवा मेडिकलमधून आणलेली टेन्शनची गोळी, अल्प्राझोलाम वगैरे, देऊ नका. तिने ओसीडी बरा होत नाही, आणि गुंगीत वाचलेलं लक्षातही राहत नाही.

नजर लागली म्हणून उतारा, कुणी सांगितलं म्हणून देवऋषी, हे आपल्याकडे चालतं, आणि लोक ते काळजीपोटीच करतात. त्यात वर्ष निघून जातं. हा आजार खूपदा शाळेच्या वयातच सुरू होतो, आणि जितका लवकर उपचाराला येईल तितके विधी कमी मुरलेले असतात.

दाखवायचं कुठे? सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मनोविकार विभाग आहे. शहरात खाजगी मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञही आहेत. विचारताना एकच प्रश्न विचारा: ओसीडीसाठी ईआरपी करता का? नुसतं समुपदेशन, म्हणजे धीर देणं आणि सकारात्मक विचार करायला सांगणं, या आजारात पुरत नाही. घरून बाहेर पडायलाच जमत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मोफत हेल्पलाइनवर, 14416 ला, मराठीतून बोलता येतं. मूल मरणाबद्दल बोलत असेल तर ते परीक्षेच्या ताणाचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकटं ठेवू नका, घरातली औषधं आणि शेतीवरची कीटकनाशकं कुलुपात ठेवा, आणि पेपर असो वा नसो, त्याच दिवशी सीपीआरला न्या. बोर्डाची पुरवणी परीक्षा जुलैच्या आसपास असतेच.

पहिल्या भेटीला येताना एक वही घेऊन या. मुलाबद्दल त्यात काही लिहिलेलं नसलं तरी चालेल. घरातल्या प्रत्येकाने आठवडाभर त्याच्यासाठी काय तपासलं, काय धुतलं, काय किती वेळा सांगितलं आणि कुठे जायचं टाळलं, एवढं वेळेसकट लिहून आणा. आम्हाला काम तिथूनच सुरू करायचं असतं.

आपली,
कोल्हापुरातली एक मानसशास्त्रज्ञ